२१० मध्ये नखभर फरक, आणि दहा मुळं संमिश्र

प्रश्न: (x−1)(x−2)…(x−20) या बहुपदीचा विस्तार केला. x^19 चा सहगुणक −210 येतो. त्यातून फक्त 2^-23 वजा केले आणि मुळं काढली, तर दहा मुळं संमिश्र आली! मूळ बहुपदीची मुळं एकमेकांपासून चांगली एकेक अंतरावर आहेत, जुळं मूळ कुठेच नाही. मग हे लायब्ररीचं काहीतरी बिघडलंय की माझं?

उत्तर:

दोघांचंही नाही. तुम्ही बदललेल्या बहुपदीची मुळं मागितलीत आणि तिची खरी मुळं तशीच आहेत. पन्नास अंकी अचूकतेनं काढा, पाचशे अंकी काढा, ती दहा मुळं संमिश्रच येणार. खात्री करायची असेल तर पूर्णांकांनी बिनचूक विस्तार करून `mpmath` ने पाहा:

```python
from mpmath import mp, mpf, polyroots, nstr
mp.dps = 50
c = [1]
for k in range(1, 21):
    c = [a - k*b for a, b in zip(c + [0], [0] + c)]
d = [mpf(a) for a in c]
d[1] -= mpf(2)**-23
for r in polyroots(d, maxsteps=500, extraprec=200):
    print(nstr(r, 8))
```

पाच दशांश स्थळांपर्यंत मुळं अशी आहेत:

```
1.00000   2.00000   3.00000   4.00000   5.00000
6.00001   6.99970   8.00727   8.91725   20.84691
10.09527 ± 0.64350i
11.79363 ± 1.65233i
13.99236 ± 2.51883i
16.73074 ± 2.81262i
19.50244 ± 1.94033i
```

तुमच्याआधी याच बहुपदीनं एका फार मोठ्या माणसाला घाम फोडलाय. जेम्स विल्किन्सन हे इंग्लंडमध्ये टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत पायलट एस या सुरुवातीच्या संगणकावर काम करत. मुळं काढण्याचा प्रोग्रॅम तपासायला उत्तर आधीच माहीत असलेली, सोपी वाटणारी बहुपदी म्हणून त्यांनी हीच घेतली होती. १९८४ साली मागे वळून पाहताना त्यांनी लिहिलं की संख्यात्मक विश्लेषणातल्या आपल्या कारकिर्दीतला सर्वांत जबर धक्का तो होता. 2^-23 हा आकडाही तिथूनच आलाय. त्या यंत्रावर संख्येचे ३० द्विमान अंक राहत. २१० लिहायला त्यातले आठ जातात, अपूर्णांकासाठी बावीस उरतात, आणि तेविसावा अंक हा यंत्रात न मावणारा पहिला अंक. म्हणजे तुम्ही केलेला बदल त्या यंत्राला दिसलाही नसता.

आता तुमच्या प्रश्नातल्या खऱ्या अडचणीकडे येऊ. 'मुळं लांब लांब आहेत, म्हणजे ती भक्कम असणार' हा समज आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असतो, कारण शिकवताना जुळ्या मुळाचंच उदाहरण दिलं जातं. (x−1)² मध्ये स्थिर पद किंचित हललं की मुळं फुटतात, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्यावरून आपण उलटं अनुमान काढतो, की मुळं फुटलेली असली की धोका टळला. ते खरं नाही, आणि का नाही ते एका छोट्या हिशोबात दिसतं.

मूळ बहुपदीला p(x) म्हणू आणि x^19 च्या सहगुणकात t एवढा बदल करू. नवं समीकरण p(x) + t·x^19 = 0. एखादं मूळ α हे t बरोबर सरकत जातं असं धरून t च्या सापेक्ष विकलज घेतला, की t = 0 पाशी सरकण्याचा वेग मिळतो:

```
dα/dt = − α^19 / p'(α)
```

छेदातला p'(α) म्हणजे त्या मुळापासून बाकीच्या एकोणीस मुळांपर्यंतच्या अंतरांचा गुणाकार. मूळ १६ घेतलं तर डावीकडची अंतरं १५, १४, … १ आणि उजवीकडची १, २, ३, ४. म्हणून छेद 15!·4!, म्हणजे साधारण 3.1×10^13. एवढा मोठा छेद असल्यावर मूळ जागचं हलणार नाही असं वाटतं. पण अंशात 16^19 आहे, म्हणजेच 2^76, आणि तो होतो 7.6×10^22. भागाकार येतो २४० कोटी. म्हणजे सहगुणक एक एककानं हलवला तर मूळ १६ हे २४० कोटी एककांनी हलेल, अशा वेगानं ते निघतं.

हाच हिशोब इतर मुळांना लावा. मूळ १ साठी अंश १ आणि छेद 19!, म्हणून वेग नगण्य, 10^-17 च्या आसपास. मूळ ५ साठी ०.६. मूळ ७ ला सुमारे अडीच हजार, ८ ला साठ हजार, ९ ला आठ लाख चाळीस हजार, १० ला ७६ लाख. तिथून चढत चढत १६ पाशी २४० कोटींचं शिखर, आणि पुढे उतार: २० पाशी वेग ४.३ कोटीच उरतो, कारण टोकाच्या मुळाला बाकीचे सगळे एकाच बाजूला, लांब लांब असतात आणि छेदात 19! येऊन बसतो. सगळ्यात मोठं मूळ सगळ्यात नाजूक असेल असं पुष्कळांना वाटतं. इथं ते चौथ्या-पाचव्या क्रमांकावरही नाही.

हे वेग नुसते कागदी नाहीत, ते वरच्या यादीशी ताडून पाहता येतात. 2^-23 म्हणजे 1.19×10^-7, एक कोटीमागे जेमतेम सव्वा. मूळ ७ चा वेग २५४२, गुणाकार ०.०००३०३. यादीत ७ च्या जागी 6.99970 आहे, म्हणजे तंतोतंत तेवढाच फरक. मूळ ८ साठी भाकीत ०.००७१२ आणि प्रत्यक्ष ०.००७२७. मूळ ९ ला भाकीत ०.१०० आणि प्रत्यक्ष ०.०८३; इथे सूत्र घसरायला लागलं. मूळ १० साठी भाकीत ०.९, आणि १६ साठी २८७! मूळ १६ काही २८७ एककं सरकून ३०३ वर जाऊन बसत नाही, हे यादीतच दिसतं. वेगाचं सूत्र t = 0 पाशी खरं असतं; मूळ वाटेत शेजाऱ्याला धडकलं की ते निकामी होतं. असं अशक्य भाकीत हातात आलं की त्याचा अर्थ 'मूळ खूप सरकेल' असा घेऊ नका. 'वाटेत टक्कर आहे' असा घ्या.

टक्कर कोणाची कोणाशी, तेही कळतं. p'(α) ची चिन्हं आळीपाळीनं बदलतात, त्यामुळे तुमच्या ऋण बदलानं सम मुळं उजवीकडे आणि विषम मुळं डावीकडे सरकतात. १० उजवीकडे, ११ डावीकडे, मध्ये गाठ. तसंच १२ आणि १३, १४ आणि १५, १६ आणि १७, १८ आणि १९. सहगुणक वास्तव असल्यामुळे दोन वास्तव मुळं भेटली की पुढे ती एकमेकांची संयुग्मी होऊन, एक वर आणि एक खाली, वास्तव रेषेतून बाहेर पडतात. पाच जोड्या, दहा संमिश्र मुळं. २० हे उजवीकडे जातं, तिथे त्याला भेटायला कोणी नाही, म्हणून ते वास्तवच राहून 20.85 ला थांबतं. यादीतल्या वास्तव भागांकडे पुन्हा पाहिलंत तर १८-१९ ची जोडी 19.50 वर दिसेल, म्हणजे धडकल्यावर ती उजवीकडेही वाहवत गेली आहे.

टक्कर नेमकी केव्हा होते हे बघायची एक पद्धत मला सगळ्यात आवडते, कारण तिला विकलजही लागत नाही. p(x) + t·x^19 = 0 या समीकरणाला x^19 नं भागा आणि t पलीकडे न्या:

```
h(x) = p(x) / x^19 = −t
```

म्हणजे बदललेली मुळं ही h च्या आलेखाला −t उंचीची आडवी रेषा जिथं जिथं छेदते तिथं असतात. तुमच्या बाबतीत रेषा 1.19×10^-7 उंचीवर आहे. h चा आलेख १ ते २० या प्रत्येक पूर्णांकाशी शून्यावर येतो आणि मध्ये आळीपाळीनं दरी-टेकडी असतो: १ ते २ मध्ये दरी, २ ते ३ मध्ये टेकडी, असं. आता टेकड्यांची उंची मोजा. ८ आणि ९ च्या मध्यावर, x = 8.5 पाशी, ती 1.3×10^-6 आहे. रेषा तिच्या पायथ्याशीच कापते, म्हणून दोन्ही मुळं वास्तव राहिली. १० आणि ११ च्या मध्यावर टेकडी फक्त 1.6×10^-8 उंच आहे. रेषा तिच्या डोक्यावरून निघून जाते आणि वास्तव छेद उरतच नाही. १६ आणि १७ च्या मध्यावर तर उंची 1.4×10^-10. आणि १.५ पाशी दरी किती खोल आहे ठाऊक आहे? 3.5×10^12. एकाच आलेखावर एका जागेचा चढउतार दुसऱ्या जागेच्या 10^22 पट. पहिल्या चार मुळांना तुमच्या बदलाचा पत्ताही लागला नाही, त्याचं कारण हे.

यातून एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा निघतो. १६ आणि १७ ही मुळं संमिश्र व्हायला −210 मध्ये 2^-23 एवढ्या बदलाचीही गरज नाही, दहाव्या दशांश स्थानी दीडएक एककाचा बदल पुरतो. तुम्ही केलात तो बदल खरं तर त्याच्या आठशे पट मोठा होता.

तुमच्या मनात आता असं येईल, की p(16.5) तर 1.9×10^13 आहे, एवढी दणदणीत किंमत असताना मूळ डळमळीत कसं? उत्तर असं, की ती किंमत कशातून तयार होते ते बघा. x = 16.5 ठेवून विस्तारातली एकवीस पदं वेगवेगळी काढली आणि चिन्ह सोडून बेरीज केली तर ती 2.6×10^28 होते. म्हणजे अवाढव्य धन आणि ऋण पदं एकमेकांना जवळजवळ पूर्ण खाऊन टाकतात आणि तळाशी जो गाळ उरतो तो 10^13. सोळा अंकी गणितात 2.6×10^28 ची चूकच 10^12 च्या घरात जाते. १६.५ सारख्या निवांत, कुठल्याही मुळापासून जास्तीत जास्त लांब असलेल्या बिंदूवर किंमतीचा एक अंक धड मिळाला तरी नशीब. मुळापाशी तर नुसता गोंगाट. `np.polyval` नं १५.९९ ते १६.०१ मध्ये शेपाचशे बिंदूंवर किंमत काढून आलेख काढा. गुळगुळीत रेषेच्या जागी करवतीचे दात दिसतील.

म्हणूनच −210 ला हात न लावताही `np.roots` स्वच्छ पूर्णांक देत नाही. यात दोन वेगळ्या चुका मिसळलेल्या असतात आणि त्या सुट्या करून पाहाव्यात. पहिली चूक मुळं काढायला सुरुवात होण्याआधीच झालेली असते. x^6 चा सहगुणक आहे 1206647803780373360. एवढ्या मोठ्या संख्यांपाशी दुहेरी अचूकतेच्या चल बिंदू अंकगणितात लागोपाठच्या दोन संख्यांमध्ये २५६ चं अंतर असतं. आपली संख्या २५६ नं भागली तर बाकी ११२ उरते, म्हणून ती साठवताना ११२ नं कमी होते. बारा हजार कोटी कोटींच्या मानानं ११२ म्हणजे काहीच नाही. पण वरचंच सूत्र लावा, फक्त α^19 च्या जागी α^6: मूळ १५ या एवढ्यानं ०.०००१२ सरकतं. एकच सहगुणक, तोही नुसता साठवला, आणि मुळाचा चौथा दशांश अंक गेला. गंमत म्हणजे शेवटचं पद 20!, आकारानं त्याच्या दुप्पट असूनही, बिनचूक साठतं, कारण त्यात 2^18 हा विभाजक आहे.

दुसरी चूक मुळं काढतानाची. `np.roots` सहगुणकांपासून एक चौरस सारणी रचतं आणि तिची आयगेन मूल्यं काढतं. पद्धत चांगली आहे. ती हमी देते ती अशी, की मिळालेली उत्तरं जवळच्याच कुठल्यातरी समस्येची जवळजवळ बिनचूक उत्तरं आहेत. 'जवळची समस्या' इथं किती महागात पडते ते मोजायचं असेल तर सगळे सहगुणक एकाच वेळी, प्रत्येकी त्याच्या आकाराच्या प्रमाणात, वाईटात वाईट दिशेनं हलले असं धरा. मूळ १४ किंवा १५ साठी हा गुणक 7.5×10^14 निघतो. दुहेरी अचूकतेची सापेक्ष चूक 1.1×10^-16. गुणाकार ०.०८. प्रत्यक्षात चुका एकमेकींना थोड्या सांभाळून घेतात आणि फरक साधारण दुसऱ्या दशांश स्थानी दिसतो. नेमके अंक यंत्रागणिक आणि आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून तुमचे आणि मित्राचे आकडे जुळले नाहीत तर भांडू नका.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. वर मी सारखं 'मूळ नाजूक' असं म्हणत आलोय, पण मूळ मुळीच नाजूक नाही. नाजूक आहे ती 1, x, x², … x^20 या भाषेत त्याची ओळख सांगण्याची रीत. x^18 आणि x^19 हे १० ते २० या पट्ट्यात इतके सारखे दिसतात की त्यांच्या थोड्या वेगळ्या प्रमाणातून १६ आणि १७ वेगळे ओळखायचे म्हणजे दोन जुळ्या भावंडांना त्यांच्या सावलीवरून ओळखण्यासारखं आहे. शून्यापासून बघताना १६ आणि १७ मधला फरक सहा टक्क्यांचा. १ आणि २ मधला शंभर टक्क्यांचा. तुम्ही म्हणता ती 'एकेक अंतरावर' ही मोजणी रेषेवरची आहे, घातांना ती दिसत नाही. उलट 1/2, 1/4, 1/8, … अशी वीस मुळं घ्या. शेवटची दोन एकमेकांपासून दहा लाखांश अंतरावर असतात, तरी सहगुणकांतले सापेक्ष बदल ती आरामात पचवतात. तेही उदाहरण विल्किन्सन यांनीच पुढे ठेवलं होतं.

म्हणून एक प्रयोग कराच. विस्तार करण्याआधी मधला बिंदू 10.5 हा शून्य माना, y = x − 10.5. मुळं होतात ±0.5, ±1.5, … ±9.5. मुळांमधली अंतरं तीच, म्हणजे p' ही तोच, छेदात काडीचाही फरक नाही. बहुपदीत आता फक्त सम घात उरतात. वर मोजला तोच वाईटात वाईट गुणक पुन्हा मोजा: पूर्वीच्या १६ साठी तो सुमारे साडेअकरा हजार आणि सगळ्यांत नाजूक मुळांसाठी, म्हणजे पूर्वीच्या ३ आणि १८ साठी, सुमारे २७ हजार. कुठे 7.5×10^14 आणि कुठे २७ हजार! दुहेरी अचूकतेत चूक 3×10^-12 च्या आत राहते. वीसच्या वीस मुळं अकरा दशांश स्थळांपर्यंत नीट येतात.

मात्र 'विस्तार करण्याआधी' हे शब्द सोडू नका. आधी x मध्ये विस्तार करून, सहगुणक सोळा अंकांना गोल करून, मग y = x − 10.5 असं रूपांतर केलंत तर काही हाती लागत नाही. माहिती गोल करतानाच सांडलेली असते. नंतर भांडं बदलून ती परत भरत नाही. जास्त अचूकतेचंही तसंच आहे. सहगुणक बिनचूक पूर्णांक असतील तर `mpmath` किंवा `sympy` नं तीस-चाळीस अंक घेतले की प्रश्न संपला. पण सहगुणक मोजमापातून आले असतील, सहा-सात अंकच खरे असतील, तर पाचशे अंकी गणित त्याच डगमगत्या आकड्यांची मुळं पाचशे अंकांपर्यंत देईल, एवढंच.

आपली बहुपदी या जातीची आहे का, हे ओळखायला मी आधी एक ओबडधोबड चाचणी करतो. प्रत्येक सहगुणकाला (1 + 1e-10·r) नं गुणायचं, r ही −1 ते 1 मधली यादृच्छिक संख्या, आणि मुळं पुन्हा काढायची. असं वीस-पंचवीसदा करून सगळी मुळं संमिश्र प्रतलावर एकाच आलेखात टाकायची. भक्कम मुळं एकेका ठिपक्यात गोळा होतात. नाजूक मुळांचा ढग होतो. या बहुपदीवर केलंत तर १ ते ४ पाशी टोकदार ठिपके आणि ६ च्या पुढे फुलत गेलेले ढग दिसतील. अट एकच: बदल यंत्राच्या गोल करण्याच्या चुकीपेक्षा पुष्कळ मोठा हवा, नाहीतर तुम्ही यंत्राचाच गोंगाट मोजत बसाल. सहगुणक मोजलेले असतील तर 1e-10 च्या जागी मोजमापाची खरी सापेक्ष चूक घाला, मग ढगाचा आकार हाच तुमच्या उत्तरातला विश्वासाचा पट्टा.

काढलेलं मूळ p मध्ये परत घालून 'शून्याच्या जवळ येतंय का' हे बघण्यावर मात्र भिस्त ठेवू नका. दोन्ही बाजूंनी फसगत होते. वरच्या यादीतलं 16.73 + 2.81i हे मूळ अस्सल p मध्ये घातलं तर किंमत 2.7×10^16 येते, भयंकर वाटते, पण तिथल्या पदांची चिन्हरहित बेरीज 10^28 च्या घरात आहे, म्हणजे सापेक्ष विचार केला तर ती शून्याला खेटून आहे. किंमत मोजायचीच तर त्या बेरजेच्या मापानं मोजा. आणि त्या मापानं ती लहान आली तरी कळतं ते एवढंच, की हे कुठल्यातरी शेजारच्या बहुपदीचं मूळ आहे. तुमच्याच बहुपदीच्या मुळाच्या ते जवळ आहे, असं त्यातून निघत नाही.

शेवटी, ही बहुपदी तुमच्या हातात आली कुठून, ते विचारतो. कारण माझ्याकडे असे प्रश्न आले तेव्हा बहुतेकदा मुळात बहुपदी नव्हतीच. एकदा एक इंजिनिअर कंपनांचा हिशोब घेऊन आले. सममित सारणी होती, तिची आयगेन मूल्यं हवी होती. कॉलेजात शिकलेल्या रस्त्यानं त्यांनी निश्चयक उलगडून वीसच्या आसपास घाताचं लाक्षणिक समीकरण काढलं आणि ते `np.roots` ला दिलं. उत्तरात संमिश्र मूल्यं आली. सममित सारणीची आयगेन मूल्यं संमिश्र असूच शकत नाहीत, म्हणून ते दोन दिवस सारणीतली चूक शोधत होते. सारणी बरोबरच होती. सममित सारणीत ε आकाराचा सममित बदल केला तर कुठलंही आयगेन मूल्य ε पेक्षा जास्त हलत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. कर्णावर १ ते २० असलेली सारणी घ्या: तिथे हा गुणक १ आहे. तिचंच लाक्षणिक समीकरण x च्या घातांत उलगडलं की तोच गुणक 7.5×10^14 होतो. भक्कम प्रश्नाचा नाजूक प्रश्न त्यांनी स्वतःच केला होता. निश्चयकाचं पान बाजूला ठेवून सारणी जशीच्या तशी `np.linalg.eigvalsh` ला दिली, आणि सगळी मूल्यं वास्तव आली.

तुमच्याकडेही मागे सारणी असेल तर तेच करा. मुळांचे अवयव हातात असतील तर विस्तार करूच नका, (x−1)(x−2)… असा गुणाकार जसा आहे तसा ठेवून किंमती काढा. आणि खरोखर सहगुणकच मिळाले असतील तर आधी ढगांची चाचणी करून इथं कळवा, किती घात आहे आणि सहगुणकांचे किती अंक खरे आहेत तेही लिहा. पुढचं त्यावरून सांगता येईल.